ष्ठ भरला: छातीवरच्या ९ सेंटीमीटरच्या लोगोत अक्षराची जाडी किती ठेवायची याचं एक प्रकरण

टीशर्टवरच्या स्क्रीन प्रिंटिंगचं, गेल्या सीझनचं काम आहे. पथकाचं नाव सांगत नाही, गावही सोडून देतो, पण आकडे सगळे जसे वहीत लिहिले होते तसेच देतोय कारण आकड्यांशिवाय या विषयावर बोलण्यात काही हशील नाही.

पार्श्वभूमी

आमचं छोटं युनिट आहे, चार कलर चार स्टेशनचं हाताने चालवायचं मशीन, दोन कोटांच्या मध्ये शाई सुकवायला एक फ्लॅश, एक क्युरिंगचा छोटा कन्व्हेयर. मी आर्टवर्क नी एक्स्पोजिंग बघतो, प्रिंटिंग मामा करतात. मामा म्हणजे खरे मामा नव्हेत, पण वीसेक वर्षं स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, मारणाऱ्या माणसाला सगळे तेच म्हणतात.

एका ढोल-ताशा पथकाची ऑर्डर आली, सरावाचे टीशर्ट, २४० पीस, काळा रंग, १८० जीएसएम बायोवॉश सिंगल जर्सी, माल तिरुपूरचा. पाठीवर २८ सेंटीमीटर रुंद मोठं नाव आणि पुढे डाव्या छातीवर गोल लोगो, ९ सेंटीमीटर व्यासाचा. दोन्ही फक्त पांढऱ्यात, प्लास्टिसॉल शाईने. लोगोच्या वरच्या कडेने गोलात पथकाचं नाव, त्यात 'प्रतिष्ठान' हा शब्द, खाली बारीक अक्षरात 'ढोल-ताशा पथक', आणि सगळ्याच्या भोवती एक बारीक गोल रेघ. दिसायला सोपं काम.

फाइल पथकातल्या एका मुलाने पाठवली. कोरलची फाइल, मूळची फ्लेक्ससाठी बनवलेली, पेजवर लोगो २४ सेंटीमीटरचा. मी तो सिलेक्ट केला, ९ सेंटीमीटर केला, काळा केला, पॉझिटिव्ह फिल्म काढली. स्क्रीनवर झूम करून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसत होतं, झूम केल्यावर काय सगळंच स्वच्छ दिसतं. पाठीच्या प्रिंटसाठी ४३टी मेशची, म्हणजे जाड जाळीची, फ्रेम उजेडाने कडक होणाऱ्या इमल्शनने आधीच कोट करून वाळवून ठेवली होती, तशीच दुसरीही तयार होती, म्हणून छातीचा लोगोही फिल्म लावून ४३टीवरच एक्स्पोज केला. काळ्यावर पांढरं भरीव यायला पाहिजे तर जाड मेश, असा सरळ विचार होता आणि पाठीपुरता तो बरोबरच होता.

काय बिघडलं

पाठ मस्त आली. छातीचे पहिले सहा पीस काढले, प्रिंट मग फ्लॅश मग परत प्रिंट, आणि मामांनी तिथेच हात थांबवला. म्हणाले, "अरे हे बघ, प्रतिष्ठानचा ष्ठ कुठाय? नुसता ठिपका दिसतोय."

खरंच तसं झालं होतं. ष आणि त्याच्या पोटाखालचा ठ मिळून एक पांढरा गोळा. त्याच नावात 'मंडळ' हा साधा शब्द होता, त्यातला ळ पहिल्या दोन पीसना थोडा उघडा होता, तिसऱ्यापासून त्याचीही दोन्ही भोकं बुजली. आणि गंमत अशी की त्याच लोगोत उलटा त्रास पण होता, खालचं बारीक 'ढोल-ताशा पथक' तुटक तुटक आलं होतं आणि भोवतीची गोल रेघ वरती नी खालती दिसत होती पण डावी-उजवी बाजू गायब. म्हणजे एकाच स्क्रीनवर, एकाच शाईने, एकीकडे शाई जास्त पसरतेय आणि दुसरीकडे पोचतच नाहीये.

इथे पहिला निर्णय होता. असं झालं की हात आपोआप मशीनकडे जातो, प्रेशर कमी कर, स्क्वीजी उभी धर, स्क्रीन नी कापडातलं अंतर, म्हणजे ऑफ-कॉन्टॅक्ट, वाढव. मामांनी दोन पीस तसे काढून बघितलेही, हलक्या हाताने. ळ जरासा उघडला पण पांढरं करडं झालं, खालून काळं डोकावायला लागलं. मग आम्ही मशीन बंद केलं. आठ टीशर्ट गेले होते, पुढे नाही घालवायचे असं ठरवलं.

नेमकं कुठे भरतंय ते शोधलं

ज्यांना हा त्रास होतो त्यांनी हा भाग नीट वाचा, कारण बरेच जण इथे अंदाजाने काम करतात आणि चुकीच्या जागी दुरुस्ती करतात.

अक्षर तीन ठिकाणी बुजू शकतं. फिल्मवर, स्क्रीनमध्ये, नाहीतर कापडावर. तिन्ही ठिकाणं लूप, म्हणजे छोटं भिंग, लावून बघायची, लाइट टेबलवर. आमच्या फिल्मवर ष्ठ मधल्या फटी बारीक होत्या पण होत्या. मग स्क्रीन धुऊन उजेडासमोर धरली. इथे लक्षात ठेवायचं की फिल्मवर जे काळं ते स्क्रीनमध्ये उघडं, म्हणजे अक्षराची रेघ उघडी आणि अक्षराच्या पोटातली मोकळी जागा म्हणजे इमल्शनचा छोटासा तुकडा. तो तुकडा धुताना निघून गेला असता तर दोष एक्स्पोजरचा. ळ मधले दोन्ही तुकडे जागेवर होते. ष आणि ठ यांच्या मधली फट मात्र स्क्रीनमध्येच नव्हती, आणि परत फिल्म बघितली तर तिथेही नव्हती, मला आहे असं वाटलं होतं ती शेजारची होती.

म्हणजे दोन वेगळे दोष होते. ष आणि ठ चिकटले ते फाइलमध्येच. ळ बुजला तो कापडावर. 

कापडावर बुजण्याची एक खूणही आहे, पहिला पीस बरा येतो आणि मग वाईट वाईट होत जातो. शाई प्रत्येक प्रिंटला थोडी थोडी स्क्रीनच्या खालच्या बाजूला चिकटते, फटीच्या दोन्ही काठांवर साचते, आणि पुढच्या पीसला तीच फटीत उतरते. पहिल्याच पीसपासून बुजलेलं असेल तर आधी फाइल, फिल्म, स्क्रीन बघा, पाचव्या-दहाव्यापासून बुजत असेल तर शाई पसरतेय.

आणि तुटणाऱ्या रेघा? त्यासाठी लूप टीशर्टवर ठेवला. जर्सीच्या सुलट्या बाजूला उभ्या ओळी असतात विणीच्या, आमच्या कापडात एका इंचात ३४ मोजल्या, म्हणजे एक ओळ साधारण पाऊण मिलिमीटरची, आणि दोन ओळींच्या मध्ये खाच. आमची गोल रेघ होती अर्ध्या पॉइंटची, म्हणजे ०.१८ मिलिमीटर. वर नी खाली ती रेघ या ओळींना आडवी जाते त्यामुळे प्रत्येक ओळीच्या उंचवट्यावर थोडी थोडी बसते आणि डोळ्याला सलग वाटते. डाव्या-उजव्या बाजूला ती ओळींना समांतर होते आणि सरळ खाचेत पडते. शाईचा दोष नाही, मामांचा तर नाहीच.

शिवाय मेशचा हिशोब. ४३टी म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये ४३ धागे, म्हणजे एक धागा आणि एक भोक मिळून ०.२३ मिलिमीटर. खालच्या बारीक अक्षरांची रेघ मोजली तर ०.२५ निघाली. जेमतेम एक धागा नी एक भोक. रेघ धाग्यावर आली की अर्धी बंद, भोकावर आली की उघडी, म्हणून तुटक. तेव्हापासून मी एक साधा नियम धरतो की रेघेखाली निदान दोन धागे नी दोन भोकं तरी यायला पाहिजेत. ४३टीला ते ०.४७ होतं, ६१टीला ०.३३, आणि ९०टीला ०.२२, पण कापड विणलेलं असेल तर मेश कितीही बारीक घ्या मी ०.३५ म्हणजे एक पॉइंटच्या खाली जात नाही, कारण तिथे मग मेश नाही तर वीण आडवी येते.

फट एवढी बारीक कशी झाली

ळ बुजला कापडावर हे कळलं, पण फाइलमध्ये त्याची फट एवढी बारीक का हा प्रश्न होताच. त्याच फाँटचा ळ मी वेगळा टाइप करून ९ सेंटीमीटरच्या हिशोबाने लहान केला तर त्याची फट पाऊण मिलिमीटर आली. लोगोतल्या ळची ०.४०. मग कळलं.

आपल्याकडे डीटीपीत ही फार जुनी सवय आहे, अक्षर जाड दिसावं म्हणून त्याला त्याच रंगाची आउटलाइन द्यायची. फाँटला बोल्ड वेट नसायचं तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. इथे त्या मुलाने एक पॉइंटची आउटलाइन दिलेली, ०.३५ मिलिमीटर. आउटलाइन रेघेच्या काठावर बसते, अर्धी बाहेर अर्धी आत, त्यामुळे प्रत्येक फट दोन्ही काठांनी मिळून ०.३५ ने कमी होते. २४ सेंटीमीटरच्या लोगोत ळची फट २ मिलिमीटर होती, त्यातून ०.३५ गेले तर कुणाला कळतंय.

पण Outline Pen मध्ये Scale with object ची टिक नव्हती. म्हणून मी लोगो ९ सेंटीमीटरवर आणला तेव्हा अक्षर लहान झालं आणि आउटलाइन होती तेवढीच राहिली. टिक असती तर आउटलाइन ०.१३ झाली असती आणि फट ०.६२ उरली असती. नव्हती म्हणून ०.४०. ष च्या आतल्या दोन फटी, ज्या तिरप्या रेघेमुळे आधीच लहान असतात, त्या ०.५५ च्या ०.२० झाल्या. आणि ष च्या पोटाखाली ठ बसतो तिथली फट मुळात ०.३५ होती ती शून्य झाली. म्हणून गोळा.

माझी चूक इथे स्पष्ट आहे. लहान करायच्या आधी वायरफ्रेममध्ये बघितलं असतं आणि आउटलाइन आहे की नाही हे तपासलं असतं तर दहा सेकंदात कळलं असतं.

टेस्ट पट्टी

फाइल दुरुस्त करायची हे नक्की, पण किती करायची? 'एक पॉइंट पॉझिटिव्ह, दोन पॉइंट रिव्हर्स', म्हणजे छापायची रेघ निदान एक पॉइंट नी कोरी फट निदान दोन पॉइंट, हे सगळे सांगतात आणि ढोबळ म्हणून ते चांगलं आहे, पण आपल्या मशीनवर, आपल्या शाईला, दोन कोटमध्ये नेमकं किती पसरतं हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं काम करून माहीत नव्हतं. मग एक संध्याकाळ त्यात घातली.

पट्टी अशी बनवली: ०.२ ते ०.८ मिलिमीटरच्या रेघा, ०.१ च्या फरकाने, उभ्या आडव्या आणि तिरप्या. शेजारी एक भरीव चौकोन आणि त्यात तेवढ्याच जाडीच्या कोऱ्या फटी. आणि तिसरी ओळ छोट्या कोऱ्या गोलांची, तेवढ्याच मापांच्या. एक पट्टी ४३टीवर, एक ६१टीवर. दोन्ही त्याच काळ्या कापडावर, वाया गेलेल्या आठ टीशर्टांच्या पाठीवर, प्रिंट-फ्लॅश-प्रिंट, बारा-बारा वेळा त्याच स्क्रीनने, मध्ये न पुसता.

४३टीवर ०.५ ची रेघ ०.७५ झाली. म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून पाव मिलिमीटर वाढली. अर्ध्या मिलिमीटरची फट पाव मिलिमीटर उरली, ती बाराव्या पीसपर्यंत टिकली. ०.४ ची पहिल्या एक-दोन पीसला दिसली नी मग गेली, ळ चं झालं तसंच. ०.३ ची पहिल्यालाच गेली. आणि ही पसरण सगळी एका प्रिंटची नव्हती, फ्लॅशनंतरचा दुसरा कोट अगदी केसभर सरकून बसतो, हाताच्या मशीनला तेवढं होतंच, आणि तो सरकलेला केस फटीतून वजा होतो.

६१टीवर ०.५ ची रेघ ०.६५ झाली, ०.४ ची फट टिकली, ०.३ ची अर्धवट बुजली. पॉझिटिव्ह रेघेत ०.३ ची आडवी बरी होती पण उभी तुटली, ०.४ सगळीकडे सलग.

गोलांच्या ओळीने मला खरं शिकवलं. त्याच मापाचा गोल त्याच मापाच्या फटीपेक्षा आधी बुजतो. फटीत शाई दोन बाजूंनी येते, गोलात चहूबाजूंनी. ६१टीवर ०.४ ची फट उघडी होती पण ०.४ चा गोल बंद, गोल ०.६ ला व्यवस्थित उघडा राहिला. आणि देवनागरीत असे गोल किती आहेत बघा, ठ, ढ, व, ब, ळ, म आणि भ ची गाठ, ू चा वेढा. इंग्रजी लोगोसाठी कुणी सांगितलेलं माप आपल्या अक्षराला जसंच्या तसं लावता येत नाही ते यामुळे, आपल्याकडे त्याच उंचीत वर मात्रा, मध्ये शिरोरेषा, खाली जोडाक्षर असं तीन मजली काम चालतं.

पर्याय कोणते होते

सकाळी पथकप्रमुख ताईंना बोलावलं आणि पट्टी दाखवली. फोनवर सांगून उपयोग नसतो, बघितल्यावर लगेच कळतं.

पहिला पर्याय लोगो मोठा करायचा, ९ चा १२ सेंटीमीटर. सगळ्यात सोपा. ताई नाही म्हणाल्या, मुलींच्या लहान साइजवर १२ चा लोगो काखेपर्यंत जातो, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

दुसरा, छातीचा लोगो डीटीएफने, म्हणजे फिल्मवर छापून पावडरच्या गोंदाने गरम चिकटवून, करायचा. पीसला खर्च वाढत होता, पण मुख्य अडचण वेगळी होती. डीटीएफमध्ये शाई पसरत नाही, फट छान राहते, पण एकदम बारीक रेघेवर पावडर धरायला जागाच नसते नी ती काही धुण्यांत उचलते. आमची ०.१८ ची गोल रेघ तिथेही टिकली नसती. शिवाय रोज दोन-तीन तास उन्हातान्हात घाम गाळत वाजवणारी पोरं, छातीवर ढोलाचा पट्टा घासणार.

तिसरा, एकच कोट मारायचा. पसरण कमी होते पण काळ्यावर पांढरं करडं दिसतं, ते मामांनी आदल्या दिवशीच काढून दाखवलं होतं.

चौथा, फाइल दुरुस्त करून छातीची स्क्रीन वेगळी, ६१टीवर. यात माझं काम वाढत होतं आणि एक स्क्रीन परत करायची होती, त्याचे पैसे मी मागितले नाहीत कारण आउटलाइन मी बघायला हवी होती.

ताईंचा एकच आग्रह होता, "दादा, अक्षर बारीक नका करू हं, पथकाचं नाव दणदणीत दिसलं पाहिजे." हा आग्रह प्रत्येक ग्राहकाचा असतो. मी त्यांना टेस्ट पट्टीवरची रेघ दाखवली, फाइलमध्ये ०.५, कापडावर ०.६५. म्हटलं, जाडी शाई देणारच आहे, ती फाइलमध्ये पण दिली तर दोनदा दिली जाते. त्यांना पटलं.

काय केलं

नावाची आउटलाइन काढून टाकली. बस, एवढंच. रेघ ०.९५ होती ती फाँटची मूळची ०.६० झाली, ळची फट ०.७५ झाली, ष च्या फटी ०.५५. कागदावर प्रिंट काढली तर नाव जरा किरकोळ वाटत होतं, ताईंचा चेहरा पडला, पण मी म्हटलं कापडावर बघू मग बोलू.

ष्ठ राहिला होता. आउटलाइन काढूनही ष खालची फट ०.३५, ती ६१टीवर टिकणार नाही हे पट्टीने सांगितलंच होतं. इथे दोन गोष्टी करता येत होत्या, ठ हाताने ओढून खाली सरकवायचा, पण मग तो गोलातल्या खालच्या चित्रावर जातो, किंवा जोडाक्षर उभं न लिहिता आडवं लिहायचं, अर्धा ष आणि शेजारी पूर्ण ठ. मराठीत ते चुकीचं नाही, दोन्ही रूपं वाचली जातात. युनिकोड फाँटमध्ये हे करायला हलन्तनंतर झीरो विड्थ जॉइनर टाकायचा, म्हणजे क्रम असा:

```
ष + ् + U+200D + ठ
```

जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये अर्धा ष वेगळ्या कीवर असतो, तिथे तर सरळच टाइप होतं. असं लिहिल्यावर शब्द साधारण दोन मिलिमीटरने रुंद झाला, गोलात तेवढी जागा अक्षरांमधलं अंतर किंचित कमी करून काढली, पण तिथेही दोन अक्षरांच्या मधली फट ०.५ च्या खाली जाऊ दिली नाही. ठ चा गोल एकदम मोकळा झाला कारण त्याला आता पूर्ण उंची मिळाली.

खालच्या 'ढोल-ताशा पथक'ला लाइट वेट होतं, ते मुक्ता फाँटच्या मीडियमवर नेलं आणि अक्षराची उंची साडेतीनची साडेचार मिलिमीटर केली, रेघ ०.४५ वर आली. गोल रेघ अर्ध्याची सव्वा पॉइंट केली, ०.४४ मिलिमीटर, म्हणजे उभ्या बाजूलाही खाचेत बुडणार नाही.

फाइल तपासायला एक युक्ती केली ती आता प्रत्येक कामाला करतो. कोरलमध्ये ०.६ मिलिमीटरचा एक लाल गोल बनवला आणि तो प्रत्येक अक्षराच्या पोटात नेऊन ठेवला. मावला तर ठीक. मावला नाही तिथे थांबायचं आणि विचार करायचा. ०.४ चा दुसरा हिरवा गोल, तो रेघांवर आणि रेघांमधल्या फटींवर फिरवायचा, रेघ त्याच्यापेक्षा बारीक असेल तर ती तुटणार, फट त्याच्यापेक्षा बारीक असेल तर ती भरणार. २० मिनिटं लागतात. लाल गोल एकाच ठिकाणी मावला नाही, 'ढोल'च्या ढ मध्ये, तिथे जेमतेम ०.५ जागा होती. मी ते चालेल म्हणून सोडलं, ते पुढे येतंच.

मग ६१टीवर नवीन स्क्रीन, इमल्शनचा कोट नेहमीचाच, स्क्वीजी ७० ड्युरोची धार लावून घेतली कारण गोल झालेली कड शाई दाबून ढकलते. एक कोट, फ्लॅश हाताला न चिकटेपर्यंत, दुसरा कोट. मामांनी दर वीस पीसनंतर स्क्रीनची खालची बाजू कोरड्या फडक्याने पुसायची ठरवलं, पट्टीत बारा पीसपर्यंत काय होतं ते त्यांनी स्वतः बघितलं होतं, त्यामुळे मला सांगावं लागलं नाही.

काय झालं

पहिला पीस निघाला तेव्हा ताई तिथेच उभ्या होत्या. 'प्रतिष्ठान' हाताच्या अंतरावरून स्वच्छ वाचता येत होतं आणि नाव किरकोळ अजिबात दिसत नव्हतं, ०.६० ची रेघ कापडावर ०.७५ भरली होती. त्यांनी आधीच्या बुजलेल्या पीसशेजारी धरून बघितला, आणि जाडी जवळजवळ सारखीच दिसतेय असं त्याच म्हणाल्या.

२४० पीस दोन दिवसांत झाले. वाया गेलेले आठ मी माझ्या खर्चाने परत मागवले. गोल रेघ चारी बाजूंनी सलग आली, फक्त शिवणीजवळ कापड ताणलं गेलेल्या तीन-चार पीसवर एका बाजूला थोडी पुसट.

ढ मात्र भरला. सगळ्यांवर नाही, शेवटी मोजले तर ३१ पीसवर त्याचा गोल पूर्ण बंद होता, आणि बहुतेक सगळे पुसायच्या आधीच्या चार-पाच पीसमधले. 'ढोल' वाचता येतं, शब्द ओळखीचा आहे म्हणून डोळा भरून घेतो, पथकाने काही तक्रार केली नाही. पण लाल गोलाने सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. ढ चं पोट फाइलमध्ये ०.१ ने वाढवायला पाच मिनिटंही लागली नसती.

विसर्जनानंतर एक मुलगा दुसऱ्या कामासाठी आला तेव्हा तोच टीशर्ट घालून आला होता, दोन महिने घामाने नी धुण्याने मऊ झालेला. मी लूप काढून बघितला. नाव जसंच्या तसं, बारीक अक्षरांच्या उभ्या रेघांवर एक-दोन ठिकाणी केसभर चीर, पण तुटलेलं काही नाही.

परत करायचं झालं तर

फाइल घेतानाच विचारेन, प्रिंट किती सेंटीमीटरची. 'लोगो पाठवतो' आणि 'छातीवर ९ सेंटीमीटर' ही दोन वाक्यं एकत्र आली नाहीत की पुढचं सगळं अंदाजावर जातं. आणि लहान करण्याआधी सगळ्या आउटलाइन Convert Outline to Object ने शेपमध्ये बदलून घेईन किंवा काढूनच टाकेन, म्हणजे जे दिसतं तेच लहान होईल.

पाठ आणि छाती एका मेशवर नाही करणार, फ्रेम तयार आहे म्हणून तर नाहीच. २८ सेंटीमीटरच्या नावाला ४३टी योग्यच होता, तिथे सगळ्यात लहान फट दोन मिलिमीटरच्या वर होती.

९०टीवर गेलो असतो का हा प्रश्न एका मित्राने विचारला. पसरण अजून कमी झाली असती, पण आमच्याकडचं पांढरं दाट आहे, ते एवढ्या बारीक मेशमधून ढकलायला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की शाई परत बाजूला पळते. शिवाय कोट पातळ बसतो, काळ्यावर तीन कोट मारावे लागले असते. पांढऱ्या टीशर्टवर काळ्याने एकाच कोटमध्ये छापायचं असतं तर ९०टी नक्की घेतला असता आणि तिथे फटी ०.३५ पर्यंत खाली नेता आल्या असत्या असं मला वाटतं, पण ते माझ्या पट्टीवर अजून छापून बघितलेलं नाही.

पट्टी आता भिंतीवर लावलीय, ४३टी आणि ६१टी दोन्ही, काळ्या कापडावरची. शाईचा नवा डबा वेगळ्या कंपनीचा आला की मामा स्वतःच म्हणतात, "आधी पट्टी मार." मागच्या महिन्यात डबा बदलला तेव्हा ६१टीवर ०.४ ची फट सातव्या पीसला बुजली, शाई पातळ होती, त्यामुळे त्या डब्याच्या झाकणावर मार्करने ०.५ लिहून ठेवलंय.